पाच किलो, दीडशे मिनिटं आणि मेटफॉर्मिनची गोळी

रिपोर्ट हातात येतो, त्यावर ‘प्रीडायबेटिस’, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेहाइतकी नाही, असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर म्हणतात, “वजन जरा कमी करा, चालत जा, गोड टाळा.” हा सल्ला बरोबरच आहे, पण ‘जरा’ म्हणजे किती ते त्यात येत नाही. दोन किलो की वीस? चालायचं ते भाजी आणायला जातो तेवढं, की घाम येईपर्यंत? आणि शेजारच्या काकांना याच रिपोर्टवर गोळी सुरू केली, मग आपल्याला का नाही?

या प्रश्नांना बऱ्यापैकी नेमकी उत्तरं आहेत. त्यातली बहुतेक एकाच अभ्यासातून आली. अमेरिकेत 1996 साली ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ नावाचा अभ्यास सुरू झाला आणि 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्याला डीपीपी म्हणू. 3,234 माणसं त्यात होती, सरासरी वय 51. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला जीवनशैलीचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची गोळी आणि तिसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सरासरी पावणेतीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि कोणाला मधुमेह होतो ते मोजलं.

निकाल शंभर माणसांच्या हिशेबात पाहू. तीन वर्षांत खोट्या गोळीच्या गटात शंभरातल्या सुमारे 29 जणांना मधुमेह झाला. मेटफॉर्मिनच्या गटात 22 जणांना आणि जीवनशैलीच्या गटात 14 जणांना. जीवनशैलीने धोका 58 टक्के घटला, मेटफॉर्मिनने 31 टक्के, असं जे वाचायला मिळतं ते याच अभ्यासाचं. एक गोष्ट मात्र हमखास सुटते: खोट्या गोळीवरच्या शंभरातल्या 71 जणांना तीन वर्षांत मधुमेह झालाच नव्हता. प्रीडायबेटिस म्हणजे मधुमेहाची तारीख ठरलेली नसते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सात जणांना कार्यक्रम दिला तर तीन वर्षांत त्यातल्या एकाचा मधुमेह टळतो. गोळीने तेच साधायला चौदा जणांना ती घ्यावी लागते.

आता तो कार्यक्रम म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण ‘जीवनशैली’ हा शब्द फार सैल आहे. ध्येयं दोनच होती. सुरुवातीच्या वजनाच्या 7 टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम करायचा. त्यासाठी प्रत्येकाला एक प्रशिक्षक दिला होता आणि पहिल्या 24 आठवड्यांत 16 वेळा समोरासमोर बसून धडे झाले. दर भेटीत वजन व्हायचं आणि खाल्लेल्या गोष्टींची वही तपासली जायची. व्यायामाची मिनिटंही वहीत लिहायची. व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवसांत विभागायचा आणि एका वेळी दहा मिनिटांपेक्षा कमी नको. वजन उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम चालत होता, पण 150 पैकी जास्तीत जास्त 75 मिनिटंच त्यात धरली जायची.

हे एका माणसावर करून पाहिलं की जास्त कळतं. समजा एक बाई आहे, वय 44, तिला वंदना म्हणू. उंची 165 सेंटिमीटर, वजन 84 किलो. म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय 31 च्या आसपास. उपाशीपोटी साखर 112, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी 164 आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी 6.1. उपाशीपोटी 100 ते 125, दोन तासांनंतर 140 ते 199 आणि एचबीएवनसी 5.7 ते 6.4 हे बऱ्याच ठिकाणी वापरले जाणारे प्रीडायबेटिसचे पट्टे. वंदना तिन्हींत बसते.

84 किलोचे 7 टक्के म्हणजे 5.9 किलो. तिचं ध्येय 78. आरशात फार फरक दिसणार नाही आणि बीएमआयच्या तक्त्यात ती तरीही ‘नॉर्मल’च्या रकान्यात येणार नाही. इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. डोळ्यांसमोर लग्नातलं वजन असतं, त्यामुळे सहा किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण अभ्यासातल्या लोकांचीही तीच गत होती. त्यांचा सरासरी बीएमआय 34 होता आणि जीवनशैली गटाचं वजन अभ्यासाच्या पूर्ण काळात सरासरी साडेपाच किलोच उतरलेलं राहिलं. त्यातही पहिल्या 24 आठवड्यांअखेर सात टक्क्यांचं ध्येय निम्म्याच लोकांनी गाठलं होतं. 58 टक्के घट आली ती या अर्ध्यामुर्ध्या यशावर.

हे कसं शक्य झालं, याचं उत्तर संशोधकांनी नंतर शोधलं. जीवनशैली गटातल्या प्रत्येकाचं वजन किती बदललं, आहारातली चरबी किती घटली आणि व्यायाम किती झाला, हे त्यांनी वेगवेगळं करून पाहिलं. सगळ्यांत भारी पडलं वजन. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे मधुमेहाचा धोका साधारण 16 टक्क्यांनी कमी आढळला. इथे बेरीज करायची नाही, कारण प्रत्येक किलो उरलेल्या धोक्यातून 16 टक्के काढतो. एक किलो उतरला की शंभरचे 84 राहतात, दुसरा उतरला की सुमारे 71, तिसऱ्याला 59, चौथ्याला 50 आणि पाचव्याला 42. म्हणजे पाच किलोला धोका 58 टक्क्यांनी खाली. मूळ अभ्यासातला आकडा जवळजवळ तोच यावा, याची मला अजूनही गंमत वाटते. अर्थात हा त्या गटाचा सरासरी कल आहे. मुळातच सडपातळ असलेल्या आणि तरीही साखर वाढलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

मग व्यायाम कशाला? हिशेब करून पाहू. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालून साधारण 700 कॅलरी खर्च होतात असं कार्यक्रमाने धरलं होतं. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात असं धरलं, तर 24 आठवड्यांत फक्त चालण्याने कागदावर दोन किलोच्या थोडं वर वजन उतरेल. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण चालून आलं की भूक लागते आणि शरीरही खर्च आवरून घेतं. “रोज अर्धा तास चालते, तरी काटा हलत नाही,” ही तक्रार म्हणूनच खरी असते. वजन मुख्यत: ताटात उतरतं. चालणं उतरलेलं वजन परत चढू देत नाही, तो त्याचा मोठा उपयोग.

शिवाय चालण्याचा स्वत:चाही फायदा आहे. एक वर्षानंतर ज्यांनी वजनाचं ध्येय गाठलं नव्हतं पण 150 मिनिटांचं गाठलं होतं, अशांना, दोन्ही न गाठलेल्यांपेक्षा मधुमेह 44 टक्के कमी झाला. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतो आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनची गरज कमी पडते. काटा हलला नाही तरी स्नायूचं हे काम झालेलं असतं. म्हणून चार आठवडे वजन तेवढंच दिसलं म्हणून चालणं सोडणं हा तोट्याचा सौदा.

पुन्हा वंदनाकडे. 24 आठवड्यांत 5.9 किलो म्हणजे आठवड्याला जेमतेम पाव किलो. त्यासाठी दिवसाला सुमारे 270 कॅलरींची तूट लागते. त्यातल्या शंभर चालण्यातून येतात, उरल्या 170. आकडा लहान दिसतो, पण कार्यक्रमाने तिच्या वजनाच्या माणसाला दिवसाला 1,500 कॅलरी आणि 42 ग्रॅम चरबी अशी बरीच कडक मर्यादा दिली असती. इतकी सढळ कात्री कशाला? कारण माणूस खाल्लेलं नेहमी कमी लिहितो. मुद्दाम नव्हे, पण उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं वहीत जातच नाही.

42 ग्रॅम चरबी म्हणजे किती ते पाहायचं तर तेलाची बाटली आणि मोठा चमचा घ्या. एका सपाट मोठ्या चमच्यात सुमारे 14 ग्रॅम तेल मावतं. तीन चमचे झाले की दिवसाचा कोटा संपला. दूध, दाणे, अंडी, मांस यांतली चरबी अजून मोजलेलीच नाही. वंदनाने पहिल्या आठवड्यात बाटलीतून थेट ओतलेलं तेल चमच्याने मोजायला घेतलं, तर बहुधा सगळ्यांत मोठी गळती तिथेच सापडेल. डीपीपीने सुरुवात चरबीपासून केली तीही याचसाठी: दर ग्रॅममागे 9 कॅलरी, पिष्ट पदार्थांत आणि प्रथिनांत 4. आज इतक्या वर्षांनी चरबीच मोजायला हवी असा माझा आग्रह नाही. कोणाची गळती तेलात असते, कोणाची साखरेच्या पेयांत, कोणाची दुसऱ्यांदा वाढून घेण्यात. पण आधी लिहायचं आणि मग कापायचं, हा क्रम बदलू नये. लिहिण्याआधीच कापायला घेतलं तर जे आवडत नाही ते आधी कापलं जातं आणि जे वजन वाढवतं ते तसंच राहतं.

वजन रोज केलं तर चालतं, पण रोजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मीठ, पाणी, पाळी, पोट साफ झालं की नाही, एवढ्यावरून काटा किलोभर इकडेतिकडे होतो आणि आपण मोजतोय आठवड्याचा पाव किलो. सकाळी, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन घ्यावं आणि चार आठवड्यांचा कल पाहावा. चार आठवडे कल सपाट असेल तर “माझं चयापचयच मंद आहे” म्हणण्याआधी एक आठवडा वही काटेकोरपणे, तेलासकट भरून पाहावी. दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आता मेटफॉर्मिन. यकृत रात्रभर आणि जेवणांच्या मधल्या वेळात रक्तात साखर सोडत असतं. मेटफॉर्मिन मुख्यत: तो ओघ कमी करतं. एकटं घेतलं तर ते साखर धोकादायक इतकी खाली नेत नाही आणि थोडं वजनही उतरवतं. डीपीपीत ते सरासरी दोन किलोच्या आसपास होतं आणि गोळीच्या फायद्याचा मोठा भाग त्या दोन किलोंतूनच आला. अभ्यासातला डोस 850 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा होता. पहिला महिना एकदाच आणि मग दोनदा, कारण सुरुवातीला पोट बिघडतं. मळमळ, जुलाब, पोटात गोळा येणं हा त्रास जेवणासोबत घेतल्याने आणि डोस हळू वाढवल्याने बराच कमी होतो.

एक शंका रास्त आहे: गोळी मधुमेह टाळते की नुसता झाकते? संशोधकांनी हे तपासलं. अभ्यास संपताना गोळी एक-दोन आठवडे बंद केली आणि पुन्हा तपासणी केली. काहींचा लपलेला मधुमेह वर आला आणि 31 टक्क्यांचा फायदा 25 वर आला. म्हणजे थोडं झाकणं होतं, पण बराचसा फायदा खरा होता.

पण तो सगळ्यांना सारखा मिळाला नाही आणि गोळीचा निर्णय इथेच ठरतो. बीएमआय 35 किंवा त्याहून जास्त असलेल्यांत मेटफॉर्मिनने धोका 53 टक्के घटला, म्हणजे जीवनशैलीच्या बरोबरीने. 30 ते 35 मध्ये ही घट 16 टक्क्यांवर आली आणि 30 च्या खाली जवळपास शून्यावर. वयाचंही तसंच. 45 च्या आतल्यांत 44 टक्के, साठीपलीकडे जेमतेम 11. जीवनशैलीचा कल नेमका उलटा, साठीपलीकडच्यांत ती सर्वांत जास्त, 71 टक्के, उपयोगी पडली. उपाशीपोटी साखर 110 च्या वर होती त्यांना गोळीचा फायदा बराच जास्त झाला. आणि ज्या बायकांना गरोदरपणात मधुमेह होऊन गेला होता, त्यांच्यात गोळीने धोका निम्म्यावर आला. बाळंतपण झालेल्या पण तसा इतिहास नसलेल्या बायकांत तो फारसा घटला नाही.

शेजारच्या काकांचा प्रश्न यातच सुटतो. काका पासष्टीचे आणि बांध्याने सडपातळ असतील, तर त्या गोळीचा मधुमेह टाळायला उपयोग फार कमी. वंदनाचं वय आणि उपाशीपोटीची साखर गोळीच्या बाजूने बोलतात, बीएमआय फारसा बोलत नाही. गरोदरपणात तिला मधुमेह झाला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. नाही विचारला तर तिने स्वत:हून सांगावा, कारण त्या एका उत्तराने पारडं फिरू शकतं. समजा झाला नव्हता. मग मला पटणारा मार्ग असा: सहा महिने कार्यक्रम नीट करायचा, वजनाचा आणि साखरेचा कल पाहायचा आणि एचबीएवनसी वर सरकत असेल तर गोळी जोडायचा विचार डॉक्टरांसोबत करायचा.

दोन्ही एकत्र केले तर दुप्पट फायदा होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका अभ्यासात 531 माणसांवर हेच तपासलं, तेव्हा मेटफॉर्मिनचा कमी डोस आणि जीवनशैली एकत्र देऊनही धोका सुमारे 28 टक्केच घटला. एकट्या जीवनशैलीनेही तेवढाच घटला होता.

गोळीची काळजी दोन गोष्टींची. मूत्रपिंड नीट चालत असावं, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर वर्षाकाठी क्रिएटिनिन तपासतात. काम फारच मंदावलेलं असेल तर ही गोळी देत नाहीत. दुसरी गोष्ट बी-12. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं. डीपीपीतल्या लोकांत पाच वर्षांनी बी-12 कमी असलेले गोळीच्या गटात 4.3 टक्के होते, खोट्या गोळीच्या गटात 2.3. पायांना मुंग्या येऊ लागल्या तर त्याचा दोष थेट साखरेला देऊ नये, आधी बी-12 बघावं.

या सगळ्या आकड्यांची एक मर्यादाही ध्यानात असू द्या. डीपीपीत घेतलेल्या प्रत्येकाची दोन तासांनंतरची साखर 140 च्या वर होती. फक्त एचबीएवनसी 5.8 आलं आणि बाकी सगळं ठीक, असा माणूस त्या अभ्यासात नव्हताच. त्याचा धोका मुळात कमी असतो, त्यामुळे 58 टक्के घटीचा आकडा त्याच्या पदरात घालणं बरोबर नाही. शिवाय लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या त्या एका आकड्यावर शिक्का मारू नये.

वर्षभरानंतरची वंदना पाहू. वजन 79, उपाशीपोटी 103, दोन तासांनंतर 132, एचबीएवनसी 5.8. दोन तासांनंतरची साखर नीट झाली, बाकीची दोन अजून पट्ट्यात. समजा आणखी सहा महिन्यांनी तिन्ही आकडे एकदा तरी नीट आले. नंतर साखर पुन्हा पट्ट्यात गेली तरी तो काळ फुकट जात नाही. डीपीपीतल्या लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा, ज्यांची साखर एकदा तरी पूर्ण नॉर्मलला आली होती त्यांना पुढे मधुमेह 56 टक्के कमी झाला.

मग दुसऱ्या वर्षी काटा 81 वर येतो. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. डीपीपीतल्या जीवनशैली गटाने पहिल्या वर्षी सुमारे सात किलो उतरवले आणि पुढच्या वर्षांत त्यातले बरेच परत चढले. तरीही दहा वर्षांनी त्यांचा धोका खोट्या गोळीच्या गटापेक्षा 34 टक्के कमी होता. त्या पाठपुराव्यात बाकीच्या गटांनाही जीवनशैलीचे धडे दिले होते, तरी एवढा फरक उरला. गोळी चालू ठेवलेल्या गटाचा फायदा तेव्हा 18 टक्के होता. 81 वर आलेली वंदना 84 पासून अजून तीन किलो खाली आहे आणि वरच्या हिशेबाने तिचा धोका 59 वर आहे, शंभरवर नाही. तिने कपाटातून जुनी वही काढावी, दोन आठवडे तेल पुन्हा चमच्याने मोजावं आणि वर्षाची साखर तपासणी ठरल्या महिन्यात करून घ्यावी.